गरिबी आणि शाळा, एकाच नकाशात

महाराष्ट्राचा तालुकावार नकाशा घ्या. प्रत्येक तालुक्यासाठी दोन आकडे लागतील: गरीब कुटुंबांची टक्केवारी आणि सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या मुलांची टक्केवारी. तीन किलोमीटर ही राज्याच्या शिक्षणहक्क नियमांतलीच मर्यादा आहे.

दोन्ही आकड्यांचे कमी, मध्यम, जास्त असे तीन गट केले की नऊ चौकटी होतात. गरिबी वाढेल तसा गुलाबी रंग गडद करायचा, शाळा लांब जाईल तसा निळा. दोन्ही जास्त असतील तिथे गडद जांभळा दिसतो.

खरी कसोटी रंगसूचीची. नऊ चौकटींचा चौरस कोपऱ्यावर उभा करावा, म्हणजे जांभळा टोकाला येतो. चारही कोपऱ्यांवर आकड्यांऐवजी वाक्ये लिहावीत: ‘गरिबी जास्त, शाळा लांब’, ‘गरिबी जास्त, पण शाळा जवळ’. मग घरातल्या कुणालाही एका तालुक्यावर बोट ठेवून विचारावे, इथे काय अडचण आहे? उत्तर अडखळले तर गट दोनच ठेवावेत. चार रंग सहज लक्षात राहतात.

एक चूक मात्र वरून दिसत नाही. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात मुलांची शालेय उपस्थिती आधीच मोजलेली असते. तोच आकडा गरिबीसाठी वापरला, तर शिक्षणाची उणीव दोनदा मोजली जाते आणि जांभळा फुगतो. या नकाशासाठी गरिबीचा आकडा शाळेपासून वेगळाच हवा.