दार अडवणारी नणंद

मराठी शिकणारा माणूस ‘कझिन’ला मराठीत काय म्हणतात असं विचारतो, तेव्हा आपण घाईने चार शब्द सांगून मोकळे होतो: चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ. तो ते वहीत उतरवून घेतो आणि पुढच्याच आठवड्यात त्यांची गल्लत करतो. चार शब्द पाठ करायला अवघड नाहीत. त्यांच्यामागचा हिशेब त्याला कोणी दाखवलेला नसतो, म्हणून तो अडखळतो.

तो हिशेब कागदावर मांडावा. समजा, सुमन आणि हेमंत ही सख्खी भावंडं. सुमनचा मुलगा निखिल, हेमंतची मुलगी गौरी. निखिलला गौरी कोण? आईच्या भावाची मुलगी, म्हणजे मामेबहीण. मग गौरीला निखिल कोण? इथे शिकणारा हमखास ‘मामेभाऊ’ म्हणतो. पण गौरीच्या बाजूने सुमन ही वडिलांची बहीण, आत्या; म्हणून निखिल तिचा आतेभाऊ. आता हेमंतच्या जागी सुमनची बहीण ठेवून पाहा. दोघी बहिणींची मुलं एकमेकांची मावसभावंडंच राहतात, शब्द बदलत नाही. दोघा भावांच्या मुलांचंही तसंच, इकडूनही चुलत आणि तिकडूनही चुलत. शब्द उलटतो तो फक्त भाऊ-बहिणीच्या मुलांमध्ये. विद्यार्थ्याला समजलं की नाही हे पाहायचं असेल, तर नातं नेहमी उलट बाजूने विचारावं.

भाऊ-बहिणीच्या मुलांचाच हा वेगळा कप्पा का, याचं उत्तर लग्नात आहे. चुलत आणि मावस भावंडं सख्ख्यासारखी मानली जात, त्यांच्यात लग्नाचा विचारही नसे. मामाची मुलगी करणं मात्र महाराष्ट्रातल्या अनेक जातींत चालत आलं. सगळ्या जातींत नव्हे, आणि आतेबहीण सहसा टाळलीच जाई. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात भारताचे विभाग पाडले, तेव्हा महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवला. उत्तरेत असं लग्न निषिद्ध, दक्षिणेत अगदी रूढ, आणि आपण दोन्हींच्या मध्ये.

या चालीची खूण आजही लग्नघरात दिसते. नवी नवरी उंबरठ्याशी आली की नवऱ्याची बहीण दार अडवते आणि म्हणते, ‘तुमची मुलगी माझ्या मुलाला देणार का, सांगा, मगच आत या.’ म्हणजे सुमन हेमंतकडे गौरी मागते आहे, गौरी जन्मायच्या आधीच. आज ही मागणी कोणी खरी धरत नाही, ओवाळणी घेऊन नणंद बाजूला होते. जुन्या पिढीतल्या सुना सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणत, त्याचाही उलगडा इथेच होतो. आत्याच्याच घरी लग्न होऊन गेलेल्या मुलीची सासू आत्याच असते. आणि आत्याच्या यजमानांना मामा म्हणायची पद्धत कित्येक ठिकाणी आहेच.

आता समजा, दार अडवलेल्या नणंदेला कोणी ओवाळणीच घातली नाही. ती काय करेल? रुसेल. ‘रुसणे’ समजवायला मला याहून चांगली जागा ठाऊक नाही. शब्दकोशातून शिकणारा रुसण्याला रागाचाच सौम्य प्रकार समजतो आणि ‘मी बसच्या कंडक्टरवर रुसलो’ असं वाक्य करतो. व्याकरणाने ते बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याला हसू येतं. कंडक्टरवर रागावता येतं, रुसता येत नाही, कारण तो समजूत काढायला येणार नसतो. रुसायला आधी हक्क लागतो, आणि समोरचा मनधरणी करील ही खात्री लागते. म्हणून मूल आईवर रुसतं, दिवाळसणाला आलेला जावई रुसतो, मानपान चुकला की विहीण रुसते. ज्याला नात्याने मान आहे, त्यालाच रुसवा शोभतो.

विद्यार्थ्याला इथे पुढची पायरीही दाखवावी. रुसवा ‘काढायचा’ असतो. वेळेवर कोणी काढला नाही, तर तो अबोल्यावर जातो. अबोला म्हणजे नुसती शांतता नव्हे. दोघं एकाच घरात वावरतात, जेवायला एकाच पंगतीला बसतात, पण निरोप तिसऱ्याच्या तोंडून जातो: ‘त्यांना सांग, चहा झालाय.’ अबोला ‘धरतात’ आणि ‘सोडतात’. या क्रियापदांवरूनच कळतं की तो मुद्दाम केलेला असतो. तो वर्षानुवर्षं टिकला की त्याला दुरावा म्हणतात. दुरावा मात्र कोणी धरत नाही, तो येतो.

नंतर विद्यार्थ्याला त्याच्याच घरातली चार माणसं घेऊन विचारावं, यांतल्या कोणावर तुला रुसता येईल?