मांडीची आग आणि तिचे घड्याळ

सकाळी ८:३०

विठ्ठलवाडी स्टेशनच्या एका अंगाला कल्याण पूर्व आणि दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. त्यामुळे माझ्या दवाखान्यात दोन्हीकडचे लोक येतात. सकाळी पहिल्यांदा ड्युटीवर जाणारे येतात: एसटी डेपोतले चालक-वाहक, कर्जत-कल्याण लोकल पकडणारे नोकरदार, जीन्सच्या कारखान्यांत काम करणारे कारागीर. सर्दी-खोकला, बीपी, साखरेच्या गोळ्या, ड्रेसिंग असा पहिला पाऊण तास निघून जातो.

सकाळी ९:१५

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका जीन्स युनिटमधले कटिंग मास्टर आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, बुटकी उंची, गेल्या काही वर्षांत सुटलेले पोट. हातात एमआरआयचे मोठे पाकीट. “डॉक्टर, शीर दबली आहे म्हणतात. ऑपरेशन लागेल का?”

पाकीट मी बाजूला ठेवले आणि विचारले, “दुखतं नेमकं कुठं?”

मास्टरांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला आणि आतूनच मांडी चोळून दाखवली. “इथं. आग होते, वरून बधीर. पँट घासली तरी सहन होत नाही.”

“कंबर?”

“कंबर कधीच नाही दुखली.”

हात खिशात गेल्यावर तळवा जिथे टेकतो, ती मांडीची बाहेरची आणि थोडी पुढची बाजू. तेवढ्याच जागेची तक्रार आणि कंबर स्वच्छ, असे असेल तर मणक्याकडे वळण्याआधी रुग्णाचा दिवस ऐकून घ्यावा. मी त्यांना म्हटले, “काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत ते सांगा. आग कधी लागली आणि कधी विझली, तेही सांगा.”

सकाळी उठताना आग नव्हती, फक्त ती जागा जाडसर वाटत होती. दहाला काम सुरू झाले. टेबलाशी उभे राहून अर्धा तास झाला की चटके सुरू. बाराच्या सुमाराला असह्य झाले म्हणून कापडाच्या ताग्यावर बसले, आणि पाच मिनिटांत उतार पडला. जेवताना मांडी घालून बसले तेव्हा काहीच नाही. संध्याकाळी स्टेशनकडे चालताना पुन्हा आग. रात्री पाय लांब करून उताणे झोपले की थोडे चुरचुरते, गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते.

या एका दिवसातच अर्धे निदान आहे. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाला चालताना पोटरीत किंवा मांडीत कळ येते, पण तो नुसता जागच्या जागी थांबला तरी त्याला आराम पडतो. मास्टरांना उभे राहण्यानेच त्रास होतो. त्यांना आराम पडतो तो जांघेत पाय दुमडल्यावर. पाय सरळ झाला की काहीतरी ताणले जाते आणि दुमडला की सैल पडते. हे काहीतरी जांघेतच असणार.

सकाळी ९:३०

तपासायच्या टेबलावर घेतले. कापसाचा बोळा मांडीवरून फिरवत, स्पर्श वेगळा लागेल तिथे पेनाने खूण करत गेलो. लांबट गोल आकार तयार झाला. तो कंबरेच्या हाडाच्या बराच खाली सुरू होऊन गुडघ्याच्या वर संपला. मांडीच्या आतल्या बाजूला गेला नाही, गुडघ्याखाली उतरला नाही.

मग ताकद पाहिली. उजव्या पायावर जोर देऊन स्टुलावर चढायला सांगितले, ते सहज चढले. उकिडवे बसून हात न टेकता उठले. गुडघ्यावर हातोडी मारली, दोन्ही पाय सारखेच उडाले. पाय सरळ वर उचलला तेव्हा कंबरेतून कळ आली नाही. मांडीचा घेर दोन्हीकडे सारखा.

शेवटी त्यांना डाव्या कुशीवर झोपवले, म्हणजे दुखरी बाजू वर आली. कंबरेच्या हाडाच्या कडेवर दोन्ही तळवे ठेवून खाली दाबले आणि भिंतीवरच्या घड्याळात ४५ सेकंद मोजले. निम्म्यावर आल्यावरच मास्टर म्हणाले, “आग कमी झाली.” असे दाबल्याने जांघेतला पट्टा सैल पडतो आणि त्याखालच्या नसेवरचा ताण घटतो. नंतर हाडाच्या पुढच्या टोकापासून एक बोट आत आणि किंचित खाली टिचकी मारली, तर झिणझिण्या थेट मांडीच्या बाहेरच्या बाजूला गेल्या.

सकाळी १०:००

या दुखण्याचे नाव मेराल्जिया पॅरेस्थेटिका. बर्नहार्ट आणि रोथ या दोन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे वर्णन केले. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनाही ते झाले होते, आणि १८९५ साली त्यांनी स्वतःच्या मांडीवर लेख लिहिला.

मास्टरांना मी कागदावर चित्र काढून दाखवले. कंबरेतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरून एक बारीक नस निघते. पोटाच्या आतून ती पुढे येते आणि कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळ, जांघेतल्या पट्ट्याखालून मांडीत उतरते. तिथे जागा अरुंद, त्यात तिला जवळपास काटकोनात वळावे लागते. ही नस फक्त कातडीची आहे. ती एकाही स्नायूला हलवत नाही. म्हणून ती दबली तर आग होते, मुंग्या येतात, बधिरता येते, पण पाय लुळा पडत नाही आणि गुडघा दगा देत नाही.

“मग हा एमआरआय?”

आता पाकीट उघडले. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी थोडी फुगलेली होती. पंचेचाळिशीत अशी फुगलेली गादी कधीही कंबर न दुखलेल्या कितीतरी लोकांत दिसते. शिवाय त्या जागी शीर दबलीच, तर सहसा पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूपर्यंत कळ जाते. मास्टरांची आग गुडघ्यालाच थांबते. रिपोर्टमधला दोष खरा आहे, पण त्यांच्या मांडीशी त्याचा संबंध नाही. ऑपरेशनचा प्रश्न तिथेच मिटला.

आता नस दाबते कशाने, हे पाहायचे. मास्टरांच्या कमरेला बारीक मापाची जीन्स होती आणि तिच्यावर कसून बांधलेला पट्टा. सुटलेले पोट वरून येऊन तो पट्टा नेमका हाडाच्या टोकावर ढकलत होते. वाढलेले वजन, घट्ट कपडे, गरोदरपण ही या दुखण्याची नेहमीची कारणे. पट्ट्याला जड वस्तू अडकवून दिवसभर वावरणाऱ्यांनाही ते होते. मधुमेह्यांच्या नसा आधीच नाजूक झालेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यात ते जास्त आढळते. म्हणून उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी लिहून दिली. पण एक गोष्ट मला खटकत होती. पट्टा दोन्हीकडे सारखाच बसतो, मग आग फक्त उजवीकडे का?

दुपारी १:३०

दुपारच्या सुट्टीत रिक्षाने त्यांच्या युनिटमध्ये गेलो. लांबलचक टेबलावर डेनिमचे थर एकावर एक रचलेले, वर मार्करचा कागद पसरलेला. मास्टरांना म्हटले, “मी इथं नाही असं समजा आणि रोजच्यासारखं काम करा.”

ते टेबलाच्या कडेला उभे राहिले. उजव्या हातात कटिंग मशीन धरून थराच्या मध्यापर्यंत पोहोचायला पुढे झुकले. टेबल रुंद, त्यामुळे हात पुरवायला शरीराचा भार कडेवर टाकावा लागत होता. उजवा हात लांबवला की उजवी बाजूच पुढे येत होती. टेपने मोजले. जमिनीपासून टेबलाची कड ३५ इंच, आणि मास्टरांच्या कंबरेच्या हाडाचे टोकही जवळपास ३५ इंच. लोखंडी पट्टी ठोकलेली ती कड रोज कित्येक तास नसेच्या त्याच अरुंद वाटेवर दाबली जात होती. वरून पट्टा, समोरून टेबल.

युनिटच्या मालकांशी तिथेच बोललो. कडेला जाड फोम लावून वर रेक्झिन ठोकायचे. थर पसरताना समोरासमोर दोन माणसे उभी करायची, म्हणजे मध्यापर्यंत कुणालाच ओणवे व्हावे लागणार नाही. लांबचा भाग कापायचा असेल तर मास्टरांनी टेबलाला वळसा घालून पलीकडून कापायचा. तासातून एकदा पाच मिनिटे बसायचे, आग लागेपर्यंत थांबायचे नाही. पट्टा काढून टाकायचा, सैल पँट घालायची, आणि पँट घसरते म्हणून पुन्हा पट्ट्याकडे वळायचे नाही, गॅलस लावायचे.

दुपारी ४:३०

मास्टरांचा फोन आला, “डॉक्टर, दुखण्याची गोळी घेऊ का?”

नेहमीच्या वेदनाशामक गोळीने नसेची आग फारशी शमत नाही आणि रोज घेतली तर पोट आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात. आधी दाब काढू, असे त्यांना सांगितले. झोप मोडायला लागली तर रात्री अल्प मात्रेत अमिट्रिप्टिलीन किंवा प्रीगाबॅलिनसारखे औषध देता येते. अशा औषधांनी गुंगी येते आणि मास्टरांच्या हातात धारदार पात्याचे मशीन, म्हणून घाई केली नाही. एवढे करूनही भागले नाही, तर सोनोग्राफीत पाहून नसेभोवती भूल आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. भूल चढताच आग थांबली तर निदानही पक्के होते. नस मोकळी करण्याची किंवा कापण्याची शस्त्रक्रिया क्वचितच लागते, आणि कापली तर ती जागा कायमची बधीर राहते.

संध्याकाळी ७:१५

संध्याकाळच्या गर्दीत कल्याण पूर्वेच्या एका काकूंना त्यांचा मुलगा हाताला धरून घेऊन आला. “मांडीत आग होते,” त्याही म्हणाल्या. मधुमेह जुना. पण त्यांचा दिवस वेगळा होता. आग रात्री झोपेतही होती, बसूनही उतरत नव्हती. दोन महिन्यांत अंगावरचे कपडे ढगळ झाले होते. जिना चढताना गुडघा मोडतो म्हणून त्या कठडा धरू लागल्या होत्या. तपासले तर हातोडीला उजव्या गुडघ्याने काहीच प्रतिसाद दिला नाही आणि मांडी डावीपेक्षा बारीक झालेली होती.

कातडीची नस गुडघा मोडू देत नाही. इथे स्नायूंच्या नसाही गुंतल्या होत्या. मधुमेहात मांडीच्या नसांच्या जाळ्याला अशी इजा होते, आणि पोटात किंवा कंबरेत गाठ तर नाही ना, हेही पाहावे लागते. त्यांना सैल कपडे सांगून घरी पाठवणे घातक ठरले असते. न्यूरोलॉजिस्टच्या नावाने चिठ्ठी लिहिली आणि उद्याच जायला सांगितले.

रात्री ९:३०

मास्टरांच्या केस पेपरवर शेवटच्या नोंदी केल्या. पेनाने काढलेल्या गोलाची लांबी-रुंदी लिहिली, पुढच्या वेळी ताडून पाहण्यासाठी. तीन आठवड्यांनी बोलावले आहे. तेव्हा पुन्हा त्यांचा अख्खा दिवस विचारायचा. अर्ध्या तासाऐवजी दीड तास उभे राहता येत असेल, तर आपण बरोबर वाटेवर आहोत. दाब गेला की बहुतेकांची आग काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरते. बधिरता मात्र सर्वांत शेवटी जाते, ती राहिली म्हणून घाबरायचे नाही, हे त्यांना आजच सांगून ठेवले आहे.

आणि कोणत्या गोष्टी दिसल्या तर वाट न पाहता यायचे, तेही कागदावर मराठीत लिहून दिले: गुडघा मोडू लागला, आग गुडघ्याखाली किंवा मांडीच्या आतल्या बाजूला गेली, कंबर दुखू लागली, बसूनही आराम पडेना, वजन आपोआप घटले, लघवी-संडासवरचा ताबा सुटला. यातले एक जरी घडले, तरी फोमच्या पट्टीवर विसंबायचे नाही आणि नव्याने तपासायचे.