पिनवरच्या काळ्या रेघा मोजा

हेडसेट कानाला लावला, समोरच्याचा आवाज स्वच्छ येतो, पण आपला आवाज त्याला नीट जात नाही. एक तर फार बारीक जातो, नाहीतर त्याच्या मागे सतत सूंऽऽ असा आवाज चालू असतो. अशा वेळी बहुतेक जण माइक खराब झाला असं धरून चालतात आणि नवा हेडसेट आणतात. तोही तसाच वागतो. कारण बिघाड अनेकदा माइकमध्ये नसतोच. तो असतो पिन आणि सॉकेट यांच्या न जुळण्यात.

कोणत्याही हेडफोनची ३.५ मिलिमीटरची पिन उजेडात धरून पाहा. धातूच्या दांडीवर काळ्या रेघा दिसतात. या रेघा म्हणजे प्लास्टिकचे पातळ कडे, आणि त्या दांडीचे वेगवेगळे तुकडे एकमेकांपासून तोडून ठेवतात. दोन रेघा असतील तर धातूचे तीन तुकडे होतात. टोकाचा डाव्या कानासाठी, मधला उजव्या कानासाठी आणि मुळाशी असलेला ‘ग्राउंड’साठी, म्हणजे दोघांच्या परतीच्या वाटेसाठी. या पिनेत माइकला जागाच उरत नाही, म्हणून कॉम्प्युटरच्या जुन्या पद्धतीच्या हेडसेटला माइकची दुसरी पिन असते. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या PC 99 या मार्गदर्शिकेने त्यांचे रंग ठरवून दिले: ऐकण्यासाठी हिरवा, माइकसाठी गुलाबी.

मोबाइलला एकच भोक. तिथे दोन पिना कुठून घालणार? म्हणून पिनेवर तिसरी रेघ आली आणि चार तुकडे झाले. डावा कान, उजवा कान, ग्राउंड आणि अगदी मुळाशी माइक. हीच चार पोलची पिन. आजचे बहुतेक लॅपटॉपही असंच एकच सॉकेट देतात आणि त्याच्याशेजारी माइकसकट हेडफोनचं चित्र असतं. डेस्कटॉपवर मात्र अजूनही बहुतांशी हिरवं-गुलाबी वेगळंच असतं, आणि घोटाळा तिथे होतो.

माझ्या ओळखीच्या एक बाई दहावीच्या गणिताची शिकवणी ऑनलाइन घेतात. मोबाइलवर उत्तम चालणारा त्यांचा हेडसेट त्यांनी डेस्कटॉपला लावला. पिन एकच, रेघा तीन. हिरव्या सॉकेटमध्ये घातली तर मुलांचा आवाज त्यांना येई, पण त्यांचा मुलांना अजिबात जात नसे. मग गुलाबीत घातली. आता मुलं म्हणाली, “बाई, थोडं थोडं ऐकू येतंय.” तेवढ्यावरून त्यांनी विंडोजमध्ये माइकचा आवाज शंभरावर नेला आणि Microphone Boost +30 dB केला. आवाज वाढला, पण सोबत कानाला नको होईल इतकी खरखर आली.

आम्ही साधी तपासणी केली. विंडोज आणि R ही बटणं एकत्र दाबून mmsys.cpl असं टाइप केलं की ध्वनीची जुनी खिडकी उघडते. तिथे Recording या पानावर प्रत्येक माइकपुढे एक पट्टी असते आणि आवाज येईल तशी ती हिरवी होत वर चढते. बाईंना माइकच्या दांडीवर नखाने खरवडायला सांगितलं. पट्टी हलली नाही. मग कानावरच्या डाव्या कपावर टिचकी मारली, तर पट्टी एकदम उसळली. म्हणजे मुलांना जो आवाज जात होता तो माइकमधून जातच नव्हता. तो डाव्या कानाच्या स्पीकरमधून जात होता.

हे होतं कसं? हेडसेटमधला माइक ‘इलेक्ट्रेट’ प्रकारचा असतो. त्याच्या आत एक लहानसा ट्रान्झिस्टर असतो आणि त्याला चालायला थोडी वीज लागते. गुलाबी सॉकेट ती वीज पुरवतं, पण पिनेच्या पुढच्या भागावर, आणि आवाजाची वाटही तिथेच पाहतं. चार पोलच्या पिनेचा माइक मात्र मुळाशी. त्यामुळे त्याला हवी तशी वीज मिळतच नाही. टोकावर सापडतो तो डावा स्पीकर. स्पीकर आणि चुंबकाचा माइक यांची रचना सारखीच असते: पडद्याला चिकटलेली तारेची गुंडाळी चुंबकात हलली की वीज निर्माण होते. बाईंच्या बोलण्याने तो पडदा किंचित हलत होता. इलेक्ट्रेट माइक तोंडाजवळ काही मिलिव्होल्ट देतो, हा स्पीकर त्याचा अगदी बारीक अंश देत होता.

खरखरीचं मूळही इथेच आहे. कॉम्प्युटरच्या ध्वनीच्या चिपमध्ये स्वतःची थोडी सळसळ कायम असते. माइकचा खरा आवाज तिच्यापेक्षा बराच मोठा असल्याने एरवी ती जाणवत नाही. बूस्ट मात्र निवड करत नाही. +20 dB म्हणजे दहापट, +30 dB म्हणजे सुमारे एकतीसपट, आणि ती पट बोलण्याला लागते तशीच सळसळीलाही लागते. मुळात आवाजच पोचत नसेल तर वाढवून हाती येते ती खरखर.

उपाय स्वस्त आहे: एका टोकाला चार पोलचं सॉकेट आणि दुसऱ्या टोकाला हिरवी-गुलाबी अशा दोन पिना असलेली छोटी वायर. पण मागताना सावध राहा. अगदी तशीच दिसणारी दुसरी वायर दोन जणांनी एकत्र गाणी ऐकण्यासाठी असते, तिच्यात माइकची तारच नसते. पिनांवर हेडफोन आणि माइक अशी वेगवेगळी चित्रं असतील तरच घ्या. बाईंनी ती वायर लावली, बूस्ट शून्यावर आणला, आणि नखाच्या खरवडण्याने पट्टी मध्यापर्यंत गेली.

उलट्या बाजूचा घोटाळाही तितकाच होतो. दोन पिनांचा हेडसेट एकच सॉकेट असलेल्या लॅपटॉपला लावायचा म्हणून फक्त हिरवी पिन घालतात. मग आवाज जातो तो लॅपटॉपच्या पडद्यावरच्या माइकमधून, पंख्याच्या घरघरीसह आणि लांबून आल्यासारखा. टिचकीची तपासणी इथेही चालते. दोन सॉकेट आणि एक चार पोलची पिन अशी उलट वायर लागते.

एक तिढा आणखी आहे. चार पोलच्या पिनेतही दोन पद्धती आहेत. आज सर्वत्र चालणाऱ्या CTIA पद्धतीत माइक मुळाशी. जुन्या नोकियासारख्या फोनांच्या OMTP पद्धतीत माइक आणि ग्राउंड यांची अदलाबदल. चुकीची जोडी जमली तर माइक दबतो आणि गाण्यातला गायक गायब होऊन मागचं वाजणं तेवढं पोकळ ऐकू येतं. अशा वेळी हेडसेटच्या वायरवरचं बटण दाबून धरा. दाबल्यावर गाणं भरदार झालं तर पद्धतींचाच फरक आहे, कारण ते बटण माइक आणि ग्राउंड यांना जोडून देतं.

पिना जुळल्या, बूस्टही कमी आहे, तरी खरखर राहिली, तर दोष कॉम्प्युटरच्या ध्वनीच्या चिपचा किंवा आजूबाजूच्या विजेचा असू शकतो. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घुमणारा आवाज थांबला तर संशय चार्जरवर आणि घराच्या अर्थिंगवर घ्या. नाहीतर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड घ्या. त्याची चिप मदरबोर्डच्या बाहेर असते. पण तेही घेताना त्याला एक सॉकेट आहे की दोन, हे आपल्या हेडसेटच्या पिनेशी जुळवून पाहा. आणि खोक्यावर ‘विथ माइक’ लिहिलेलं असूनही पिन एकच आणि तिच्यावर रेघा दोनच असतील, तर त्या पिनेतून माइक चालणार नाही. तो हेडसेट दुकानातच परत ठेवा.