कोमट म्हणजे किती?

दूध कढत असताना विरजण लावलं तर दही लागत नाही, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पातेलं बाजूला काढून ठेवायचं, करंगळी बुडवून बघायची आणि दूध सोसवेल इतकं निवलं की मगच विरजण घालायचं. पण हाच हात ड्राय यीस्टच्या पाकिटाशी आला की घाई करतो. पाकृत लिहिलेलं असतं ‘कोमट पाण्यात यीस्ट भिजवा’, आणि कोमट म्हणजे नेमकं किती, हे कुणी सांगत नाही. गुळण्या करायचं पाणी कोमट, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी कोमट, लिंबू-मधासाठी घेतलेलंही कोमटच. या तिन्हींत सहज दहा-पंधरा अंशांचा फरक असतो, आणि यीस्टचं जगणं-मरणं नेमकं त्या फरकात ठरतं.

गेल्या डिसेंबरात पुण्यात मी लादी पाव करायला घेतले. अर्धा किलो मैदा, ३०० मिली पाणी, ७ ग्रॅम ड्राय यीस्ट, असा नेहमीचा हिशेब. थंडी होती, म्हणून पाणी जरा गरमच घ्यावं असं वाटलं. अर्धं पाणी उकळलं, अर्धं नळाचं घातलं, बोट बुडवून लगेच काढलं. सोसलं. त्यात साखर आणि यीस्ट टाकून दहा मिनिटांनी पाहिलं तर फेस नव्हता. हवा गार आहे, वेळ लागत असेल, असं म्हणत मी पीठ मळून टाकलं. दोन तासांनी ते जिथल्या तिथे होतं, वर हाताला चिकटत होतं. माझा संशय पाकिटावर गेला, पण त्याच पाकिटातल्या यीस्टने आदल्या आठवड्यात उत्तम पाव दिले होते.

चूक समजायला साधं गणित पुरलं. उकळतं पाणी १०० अंश सेल्सिअस, थंडीतलं नळाचं पाणी साधारण २०. निम्मं-निम्मं मिसळलं की होतात ६०. भांडं थोडी उष्णता खातं, ओतताना थोडी जाते. तरी पन्नाशीच्या वरच्या टोकाला पाणी राहतंच. भिजलेलं यीस्ट ५५ ते ६० अंशांत काही मिनिटांत मरतं.

ते का मरतं हे कळण्याआधी पाकिटात काय असतं ते पाहू. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. पावाच्या यीस्टचं शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसिये. साखर खाऊन ती कार्बन डायऑक्साइड सोडते, तो वायू पिठाच्या चिवट जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगतं. बेकरीत जी ओली वडी वापरतात तिच्यात साधारण ७० टक्के पाणी असतं. ड्राय यीस्टमध्ये ते जेमतेम ५ ते ८ टक्के उरतं. मोहरीहून बारीक अशा त्या प्रत्येक दाण्यात असंख्य पेशी असतात. त्या मेलेल्या नसतात, त्यांचं सगळं कामकाज थांबलेलं असतं. सुकताना तग धरावा म्हणून पेशी ट्रेहलोज नावाची साखर आत साठवून ठेवते आणि पाणी गेलं तरी ही साखर तिचा ढाचा सांभाळते. दाण्याच्या बाहेरच्या थरातल्या बऱ्याच पेशी सुकवतानाच मरतात, आतल्या जिवंत राहतात. बारीक रव्यासारखं जे ‘इन्स्टंट’ यीस्ट मिळतं ते अधिक हलक्या हाताने सुकवलेलं असतं, म्हणून ते थेट पिठात मिसळता येतं. जाड दाण्याचं ड्राय यीस्ट मात्र आधी भिजवावं लागतं.

मग ते नळाच्या पाण्यात का भिजवू नये? एरवी यीस्टला २५ ते ३० अंशांत छान काम करता येतं, तरी भिजवताना मात्र ४० अंश लागतात. मला या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सर्वांत जास्त आवडते. पेशीभोवती एक पातळ आवरण असतं, बरंचसं स्निग्ध पदार्थांचं. पेशी सुकते तेव्हा हे आवरण थिजतं, थंडीत बरणीतलं तूप थिजतं तसं. अशा थिजलेल्या आवरणावर गार पाणी पडलं की ते ओलं होताना जागोजागी सुटतं आणि पूर्ववत सांधायच्या आत पेशीतला ऐवज बाहेर झिरपतो. पाणी ४० अंशांच्या आसपास असेल तर ऊब लागताच तूप पातळ होतं तसं आवरण आधीच मऊ झालेलं असतं, त्यामुळे पाणी आत जाताना गळती होत नाही. हा नाजूक क्षण पहिल्या एक-दोन मिनिटांचा असतो. एकदा पेशी नीट भिजली की मग गार पीठही तिला चालतं, फक्त काम सावकाश होतं.

गळून बाहेर पडणाऱ्या ऐवजात ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो. तो पिठातल्या ग्लुटेनचे बंध सैल करतो. यीस्ट गार पाण्यात भिजवलं किंवा मेलं की पीठ नुसतं फुगतच नाही असं नाही. ते ढिलं आणि चिकट होतं. माझ्या हाताला लागलेला चिकटपणा पाणी जास्त झाल्याचा नव्हता, पेशी फुटल्याचा होता.

आता दुसरी बाजू. पेशीतली सगळी कामं प्रथिनं करतात. प्रत्येक प्रथिन म्हणजे एक लांब धागा, ठरावीक घड्या पडलेला. साखर पकडायची, तोडायची, वायू सोडायचा, हे सगळं त्या घड्यांच्या आकारावर अवलंबून असतं. उष्णता वाढली की घड्या सुटतात आणि सुटलेले धागे एकमेकांत गुंततात. अंड्याचा पांढरा बलक तापल्यावर घट्ट होतो तो याच कारणाने, आणि नंतर अंडं फ्रीजमध्ये ठेवलं म्हणून तो पुन्हा पातळ होत नाही. यीस्टचंही तसंच. वर ते आवरण इतकं सैल होतं की काही आत राहतच नाही. म्हणून ‘पाणी फार गरम झालं होतं, पण नंतर निवलं’ या म्हणण्याला अर्थ नसतो.

इथे एक काटेकोर रेषा मात्र नाही. ४५ अंशांत यीस्ट सहसा तगतं. ५० अंशांत काही पेशी मरतात, काही वाचतात, आणि किती वेळ त्या पाण्यात राहिल्या यावर प्रमाण ठरतं. अशा वेळी थोडा फेस येतो, पीठ फुगतंही, पण एका तासाच्या कामाला अडीच तास लागतात. कोरडी पेशी ओल्या पेशीपेक्षा जास्त उष्णता सोसते, म्हणून इन्स्टंट यीस्ट मैद्यात मिसळून वर ५० अंशांचं पाणी घातलं तरी चालून जातं. शिवाय मैदा स्वतः गार असतो, तो पाणी लगेच निववतो. तेच पाणी थेट यीस्टवर ओतलं तर निकाल वेगळा लागतो.

खात्री करून घ्यावी म्हणून मी काचेचे तीन ग्लास मांडले. प्रत्येकात १०० मिली पाणी, एक चमचा साखर, त्याच पाकिटातलं एक चमचा यीस्ट. पहिल्यात फ्रीजचं पाणी, दुसऱ्यात ४० अंशांचं, तिसऱ्यात ६५ अंशांचं. दुसऱ्या ग्लासात चार-पाच मिनिटांत तळातून बुडबुडे वर यायला लागले, दाणे फुलून वर आले आणि दहाव्या मिनिटाला बोटभर जाड, फिकट तपकिरी फेस चढला. ताज्या ताडीची आठवण व्हावी असा आंबूस वास होता. गोव्यातले पोदेर पूर्वी पावाचं पीठ माडाच्या सुरीने आंबवत, त्या सुरीतही यीस्टच असायचं. पहिल्या ग्लासात दाणे तळाशी बसून राहिले. तासाभराने वर पातळ फेसाची कड आली, त्यापुढे काही नाही. तिसरा ग्लास बघायला सर्वांत फसवा होता. त्यात यीस्ट सर्वांत लवकर विरघळलं, पाणी एकसारखं गढूळ झालं, पाव भाजल्यासारखा छान वासही आला. पण बुडबुडा एकही नाही. तासाभराने तळाशी गाळ आणि वर निवळ पाणी. यीस्ट विरघळलं म्हणजे जागं झालं, असं त्या ग्लासाकडे बघून कुणालाही वाटेल. खूण विरघळण्यात नाही, फेसात आहे.

थर्मामीटर असेल तर प्रश्नच नाही: ३८ ते ४३ च्या मध्ये आकडा आला की यीस्ट घालावं. नसेल तर मिसळण्याचं माप धरावं. थंडीत नळाचं पाणी २० अंशांचं असेल, तर एक वाटी उकळतं आणि तीन वाट्या नळाचं. पावसाळ्यात ते २५ च्या आसपास असतं, तेव्हा एकास चार. मेमध्ये विदर्भात गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी स्वतःच ४० च्या घरात गेलेलं असतं, तिथे गरम पाणी घालूच नये. आधी पाणी मिसळायचं, मग यीस्ट घालायचं. यीस्टवर उकळतं पाणी ओतून नंतर गार करत बसलं तर उशीर झालेला असतो.

बोटाची परीक्षा घ्यायचीच असेल तर बोट बुडवून काढू नका. रोज तव्यावरची पोळी हाताने उलटणाऱ्या बोटांना ५५ अंशही क्षणभर सोसतात. माझी गफलत तिथेच झाली होती. मनगटाच्या आतल्या बाजूवर चार थेंब टाकावेत, किंवा बोट पाण्यात ठेवून दहापर्यंत मोजावं. शरीराचं तापमान ३७, म्हणून ४० अंशांचं पाणी फक्त ऊबदार लागतं, गरम असं म्हणवत नाही. दहा मोजायच्या आत बोट काढावंसं वाटलं तर पाणी यीस्टच्या कामाचं नाही.

मळून ठेवलेलं ते पीठ मी टाकलं नाही. ४५ मिली नळाच्या पाण्यात १५ मिली उकळतं मिसळलं, चिमूटभर साखर आणि नवं ७ ग्रॅम यीस्ट घातलं. या वेळी फेस येईपर्यंत पीठाला हात लावला नाही. फेस आल्यावर ते पाणी जुन्या पिठावर घालून वर १०० ग्रॅम मैदा आणि चिमूटभर मीठ टाकलं, कारण ६० मिली पाणी जास्तीचं झालं होतं. सुरुवातीला पीठ बोटांतून निसटत होतं, बारा-तेरा मिनिटं मळल्यावर आवरलं. मेलेल्या यीस्टमुळे ते थोडं सैल राहिलं, पण दीड तासात दुप्पट झालं, आणि संध्याकाळच्या चहाला पाव तयार होते.