स्पूल टेपवरची व्याख्याने आणि स्टुडिओला पाठवायचा ईमेल

‘वडिलांच्या व्याख्यानांच्या नऊ स्पूल टेप आहेत, डिजिटल करून द्यायला खर्च किती येईल?’ एवढ्याच मजकुराच्या ईमेलला कोणताही स्टुडिओ नेमका आकडा देऊ शकत नाही. टेपवरचा आवाज संगणकात घेताना ती टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्या मूळ वेगानेच वाजवावी लागते. तासाभराच्या भाषणाला तासभर मशीन अडकते, शिवाय तंत्रज्ञाचे लक्षही. त्यामुळे कोटेशन ठरते ते टेपच्या संख्येवरून नव्हे, तर आत किती तासांचा आवाज आहे आणि टेपची प्रकृती कशी आहे यावरून. या दोन्ही गोष्टींचा बराचसा अंदाज टेप न वाजवता, डोळ्यांनी आणि नाकाने घेता येतो.

तासांचा हिशेब तीन गोष्टींवर चालतो: टेपची लांबी, वेग आणि ट्रॅक. घरगुती टेप पाव इंच रुंदीची असते आणि स्पूलचा व्यास साधारणपणे ५ किंवा ७ इंच असतो. लांबी बहुधा खोक्यावर छापलेली असते. तीच टेप पातळ केली की त्याच स्पूलवर जास्त मावते. त्यामुळे ७ इंची स्पूलवर जाड टेप १२०० फूट बसते, तर ‘लाँग प्ले’ नावाची पातळ टेप १८०० फूट. वेग वडिलांनीच खोक्यावर लिहून ठेवलेला असू शकतो. सेंटिमीटरमध्ये ९.५ किंवा १९ आणि इंचांमध्ये पावणेचार किंवा साडेसात हे त्यांत नेहमीचे आकडे. भाषणासाठी लोक टेप वाचवायला कमी वेग निवडत, काही जण त्याहूनही निम्मा.

ट्रॅकचा प्रश्न सर्वांत जास्त फसवतो. काही घरगुती मशीन टेपच्या अर्ध्या रुंदीवर आवाज भरत. टेप संपली की स्पूल उलटून उरलेल्या अर्ध्यावर पुढचे भाषण घेता येई. दुसऱ्या प्रकारची मशीन पाव रुंदीच वापरत, म्हणजे एकाच टेपवर चार फेऱ्या. चार ट्रॅकची टेप रुंद हेडवर वाजवली तर एका भाषणाखाली दुसरे भाषण उलटे ऐकू येते. ते ऐकून टेप खराब झाली असे कुणाला वाटेल, पण दोष टेपचा नसतो, जुळणारे हेड लावले की भाषण स्वच्छ मिळते. मूळ मशीन माळ्यावर असेल तर त्याचा मॉडेल क्रमांक ईमेलमध्ये जरूर लिहावा. त्यावर ट्रॅक निवडण्याचे बटण असेल तर चार ट्रॅक असण्याची शक्यता मोठी.

समजा, या नऊ टेपपैकी सहा ५ इंची आहेत आणि खोक्यावर २७० मीटर छापले आहे. उरलेल्या तीन ७ इंची, ५४० मीटरच्या. वेग ९.५ सेंटिमीटर. २७० मीटरची टेप एका फेरीत सुमारे ४७ मिनिटे चालते, ५४० मीटरची ९५ मिनिटे. सगळ्या मिळून एका फेरीचे साडेनऊ तास झाले. दोन ट्रॅक भरलेले असतील तर १९ तास, चारही भरलेले असतील तर ३८. वेग १९ निघाला तर हे सगळे आकडे निम्मे होतात. एकाच नऊ टेपसाठी पावणेपाच तासांपासून ३८ तासांपर्यंतचा हा पल्ला आहे. स्पूल पूर्ण भरलेला नसेल तर तेही कळवावे. बाहेरच्या वेढ्यांत टेप जास्त मावते, म्हणून अर्ध्या जाडीपर्यंत भरलेल्या स्पूलवर निम्म्याहून बरीच कमी टेप असते.

प्रकृती पाहताना स्पूल उजेडासमोर धरून टेपच्या वेढ्यांमधून प्रकाश येतो का ते बघावे. आरपार उजेड दिसला तर ती बहुधा जुनी ॲसिटेट टेप, नाही तर पॉलिएस्टर. ॲसिटेटला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर तिचे रासायनिक विघटन सुरू झाले आहे आणि ती टेप आधी हाती घ्यावी लागेल. कडांवर पांढरी भुकटी किंवा तंतू दिसले तर ती बुरशी. दमट हवेत ठेवलेल्या टेपवर ती सहज धरते. अशी टेप घरात झटकू नये, तशीच वेगळ्या पिशवीत ठेवून स्टुडिओला आधी कळवावे. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या, पाठीला काळा लेप असलेल्या काही टेपचा चिकट थर ओलावा शोषून मऊ होतो. वाजवताना त्या किंचाळतात आणि हेडवर तपकिरी चिकटा सोडतात. त्यांना ठरावीक मंद उष्णता देऊन तात्पुरते सुधारता येते, पण ते काम जाणकाराचेच. ॲसिटेट टेपला तर ही उष्णता कधीच देऊ नये.

एकदा ऐकून बघण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. अनेक वर्षे बंद पडलेल्या मशीनचा रबरी पट्टा सैल झालेला असतो, ब्रेक नीट लागत नाहीत आणि टेप ताणली किंवा तुटली जाते. चुकून रेकॉर्डिंगचे बटण दाबले गेले तर आवाजच पुसला जातो, आणि घरात दुसरी प्रत नसते.

एवढी माहिती जमली की ईमेल असा लिहिता येतो:

‘सप्रेम नमस्कार. माझ्या वडिलांच्या (कै.) व्याख्यानांच्या नऊ स्पूल टेप डिजिटल करून घ्यायच्या आहेत. त्यांपैकी सहा ५ इंची, २७० मीटरच्या व तीन ७ इंची, ५४० मीटरच्या आहेत. खोक्यांवर वेग ९.५ लिहिला आहे. ट्रॅक दोन की चार हे नक्की माहीत नाही, मशीनच्या मॉडेलपट्टीचा फोटो जोडला आहे. रेकॉर्डिंग १९६० च्या दशकातले आहे. दोन टेपना आंबूस वास येतो, एकीच्या कडेला बुरशी दिसते. एका टेपला मध्ये चिकटपट्टीचा जोड आहे. टेप अलीकडे वाजवलेल्या नाहीत. सर्व खोक्यांचे व स्पूलचे फोटो सोबत आहेत. मूळ आवाजाची काहीही न काढलेली `.wav` फाइल (९६ किलोहर्ट्झ, २४ बिट) हवी आहे, ऐकण्यासाठी स्वच्छ केलेली प्रत वेगळी द्यावी. श्रोत्यांचे प्रश्न, टाळ्या व मधली शांतता कापू नये. कृपया दर टेपप्रमाणे आहे की तासाप्रमाणे, बुरशी साफ करणे व जोड दुरुस्त करणे यांचा आकार वेगळा आहे का, रिकाम्या निघालेल्या ट्रॅकचे काय, हे कळवावे.’

न काढलेली मूळ फाइल मागण्याचे कारण असे की खरखर कमी करण्याच्या प्रक्रियेत ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक उच्चारही पातळ होतात, आणि एकदा गेलेले परत येत नाहीत. मूळ जपली असेल तर पुढे कधीही नव्याने सफाई करता येते. अशी एका ट्रॅकची फाइल तासाला सुमारे १ जीबी जागा घेते, म्हणजे १९ तासांना २० जीबी पुरतात.

आलेल्या उत्तरातही काही गोष्टी तपासाव्यात. प्रत्येक टेपसाठी हेडचा कोन जुळवला जाईल का, हे विचारलेच पाहिजे, कारण मूळ मशीनचा कोन थोडा वेगळा असेल तर आवाज कापूस कोंबल्यासारखा दबका येतो, आणि फाइल झाल्यावर तो दोष नीट भरून काढता येत नाही. दोन्ही बाजू एकदम वाजवून एक बाजू संगणकात उलटी करून घेण्याची पद्धतही आहे. त्यात वेळ वाचतो, पण दोन्ही बाजूंचा कोन सारखा असेल तरच ती चालते. टेप न पाहता ठाम रक्कम सांगणाऱ्यापेक्षा तासाचा दर, किमान आणि कमाल अंदाज आणि तपासणीनंतर अंतिम आकडा देणारा स्टुडिओ अधिक भरवशाचा. शक्य असेल तर सगळ्या टेप न पाठवता आधी एकच, त्यातल्या त्यात कमी महत्त्वाची टेप द्यावी आणि तिची फाइल ऐकून मगच उरलेल्या आठ सोपवाव्यात.