भांडणात जोडीदार लगेच बचावात का जातो?

जोडीदाराची तक्रार पुरती ऐकण्याआधीच स्वतःची बाजू मांडू लागणे, याला मानसशास्त्रात बचावात्मक वर्तन म्हणतात. ‘लाइटबिलाची तारीख काल गेली’ असे पत्नीने म्हणावे आणि पतीने ‘मला काय तेवढंच काम आहे का? तू तरी कुठे आठवण केलीस?’ असे उत्तर द्यावे, हा त्याचा नेहमीचा नमुना. या दोन वाक्यांत सबबही आली आणि उलट आरोपही. बिल कोण भरणार हा साधा प्रश्न मात्र तसाच राहिला. अशा वेळी पत्नीच्या मनात येते, की याला आपले काही पडलेलेच नाही. हा निष्कर्ष बहुतेकदा घाईचा ठरतो.

जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकापासून जोडप्यांचे वाद चित्रित केले आणि वाद चालू असताना त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. वाद तापला की अनेकांचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर जातात. अंगावर कोणी धावून आल्यावर शरीराची जी तयारी होते, तीच तेव्हा होते आणि समोरच्याचे म्हणणे नीट कानात शिरत नाही. बचावाचे वाक्य पुष्कळदा या अवस्थेत तोंडून निघते. त्यावरून प्रेम मोजायला जाणे म्हणजे तापातल्या बडबडीवरून स्वभाव ठरवण्यासारखे आहे.

कारण शोधताना आधी पाहावे ते तक्रार कशी मांडली गेली. ‘बिल राहिलं’ ही एका घटनेबद्दलची तक्रार झाली. ‘तुला घराची काही पडलेलीच नाही’ हा माणसावरचा ठपका झाला, आणि ठपक्यापुढे जवळजवळ प्रत्येक जण ढाल उचलतो. तक्रार सासूबाईंसमोर किंवा मुलांसमोर झाली तर साधे वाक्यही ठपक्यासारखे लागते. म्हणून चारचौघांतल्या भांडणावरून निदान करू नये.

तक्रार सौम्य होती, खोलीत दोघेच होते, तरीही दरवेळी उत्तर तितकेच तिखट येत असेल, तर असुरक्षिततेचा विचार करायला जागा आहे. अशा माणसाला ‘बिल राहिलं’ हे ‘तू नालायक आहेस’ असे ऐकू येते. चूक झाली की बोलणी खावी लागत, अशा घरात तो वाढलेला असू शकतो. त्याची एक खूण सहसा दिसते : तो ऑफिसात साहेबांसमोर आणि आईवडिलांसमोरही असाच सफाई देत बसतो. राग उतरल्यावर त्याला टोचणी लागते. तो मुकाट्याने बिल भरून टाकतो, पण ‘चुकलं’ हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही.

अनास्था वेगळी दिसते. ज्याला नात्याशी देणेघेणे उरलेले नाही, तो सहसा हिरिरीने स्वतःची बाजू मांडत बसत नाही. ‘बरं, बघू’ म्हणतो आणि मोबाइलकडे वळतो. पण नुसते गप्प होणे हाही पुरावा नव्हे, कारण शरीर खवळलेले असतानाही काही जण भिंतीसारखे गप्प होतात. अनास्था ओळखायची ती भांडण नसतानाच्या दिवसांवरून : ‘आज ऑफिसात काय झालं माहितीये?’ या वाक्याला प्रतिसाद येतो का, दुखण्याखुपण्याची विचारपूस होते का. हे तुटलेले नसेल, तर केवळ बचावाच्या वाक्यांवरून अनास्था म्हणता येत नाही.

उरते ती भांडणाची पद्धत. एकाच्या माहेरी आवाज चढवून वाद होत आणि पाठोपाठ चहा होई. दुसऱ्याच्या घरी आवाज चढणे म्हणजेच नाते बिघडणे. पहिल्याला खंडन-मंडन हे बोलणेच वाटते, दुसऱ्याला ते झिडकारणे वाटते. पद्धतीचाच फरक असेल तर बचाव करूनही मुद्द्याचा निकाल लागतो : पती वाद घालतो, पण शेवटी पुढच्या महिन्याचे बिल कोणी भरायचे हे ठरते.

पडताळा घ्यायचा तर वाद तापताच तो थांबवावा आणि पुन्हा कधी बोलायचे ते तेव्हाच ठरवावे. शरीर निवायला किमान वीसेक मिनिटे लागतात. त्या वेळात मनातल्या मनात जबाब रचत बसले तर उपयोग होत नाही. नंतर तेच वाक्य ठपका न ठेवता पुन्हा म्हणावे. ‘हो, माझ्याकडून राहिलं, पण कामाचा ताण होता’ एवढी अर्धी कबुली आली, तरी पहिल्या उत्तरात तापाचाच वाटा मोठा होता असे समजायला हरकत नाही. शांतपणे विचारूनही दरवेळी दोष परत पत्नीवरच येत असेल, तर प्रश्न मुरलेला आहे आणि समुपदेशकाची मदत घेणे योग्य. आणि सफाई देणारा जोडीदार समोरच्याच्या रागाला, धमकीला किंवा मारहाणीला घाबरून ती देत असेल, तर वरची कोणतीच कारणे लागू होत नाहीत. तेथे प्रश्न सुरक्षिततेचा असतो आणि समुपदेशनातही दोघांशी आधी वेगवेगळे बोलावे लागते.