कामाच्या ठिकाणचा छळ : पहिल्या संभाषणातील व्यवस्थापकाची भूमिका

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या प्रश्नाला भारतात कायदेशीर आकार मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ सालच्या 'विशाखा' निकालाने. परंतु निकालातील मार्गदर्शक तत्त्वे प्रत्यक्ष कार्यालयांत उतरली नाहीत, हे पुण्यातील 'आलोचना' या संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी न्यायालयाच्या निदर्शनास आणून दिले. त्यांच्या पत्राचे याचिकेत रूपांतर झाले आणि १९ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयाने त्यावर निकाल देताना अंमलबजावणीतील उणिवांवर बोट ठेवले. पुढे २०१३ साली स्वतंत्र कायदा आला. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक झाली. तथापि पीडित कर्मचारी बहुधा प्रथम समितीकडे जात नाही, ती आपल्या वरिष्ठाकडे जाते. या पहिल्या संभाषणात व्यवस्थापकाने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उदाहरणादाखल छत्रपती संभाजीनगरनजीकच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एक काल्पनिक कारखाना घेऊ. गुणवत्ता तपासणी विभागातील एक कर्मचारी २० मे रोजी पाळी संपताना व्यवस्थापकाकडे येते. "सर, थोडं बोलायचं होतं, पण कुणाला सांगू नका," एवढे म्हणून ती थांबते. सोबत काम करणारा सहकारी अश्लील बोलतो, ४ मार्च रोजी त्याने तिचा हात धरला, असे ती नंतर सांगते.

येथे व्यवस्थापकाचे पहिले उत्तरच निर्णायक असते. "कुणालाच सांगणार नाही" हे वचन त्याने देऊ नये, कारण ते पाळणे त्याला शक्य नाही. "ज्यांना सांगणे आवश्यक आहे त्यांनाच सांगेन, आणि त्याआधी तुम्हाला कळवीन," हे उत्तर प्रामाणिक आहे. यानंतर त्याने ऐकावे. काय झाले, केव्हा, कोठे आणि आता तिला पाळीवर येण्याची भीती वाटते का, एवढेच प्रश्न पुरेसे ठरतात. "इतके दिवस गप्प का बसलात?", "साक्षीदार कोण?" हे प्रश्न त्याच्या अधिकारातले नव्हेत. चौकशी समितीने करावयाची असते. आणि "तो तसा मुलगा नाही" हे वाक्य तर चौकशीपूर्वीच दिलेला निकाल होय.

परंतु खरा धोका वेगळा आहे आणि तो सहसा लक्षात येत नाही. कायद्यानुसार घटनेपासून, आणि घटनांची मालिका असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. व्यवस्थापकाच्या दालनात झालेले तोंडी बोलणे ही ती तक्रार नव्हे. वरील उदाहरणात ४ मार्च ही शेवटची घटना असेल, तर ४ जूनच्या सुमारास मुदत संपते, म्हणजे हाती जेमतेम पंधरा दिवस आहेत. "बघतो, त्याला समज देतो" असे म्हणून व्यवस्थापकाने महिनाभर वाट पाहिली, तर तिचा हक्कच धोक्यात येतो. समिती लेखी कारणे नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, त्यापुढे नाही. कोलकात्यातील एका विधी विद्यापीठातील प्रकरणात शेवटची घटना एप्रिल २०२३ मधील आणि तक्रार डिसेंबरमधील होती. ती मुदतबाह्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली मान्य केले. म्हणून मुदतीची तारीख पहिल्याच भेटीत सांगणे आणि समितीच्या अध्यक्षांचा संपर्क हाती देणे हे व्यवस्थापकाचे सर्वांत महत्त्वाचे काम ठरते. लेखी मांडणे तिला जमत नसेल तर साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे, हेही तिला माहीत नसते.

दुसरी वारंवार होणारी चूक म्हणजे सद्हेतूने केलेली बदली. तिलाच दुसऱ्या पाळीत हलवले की प्रश्न मिटला, असे वाटते. प्रत्यक्षात रात्रीची बस, घरची कामे, पाळीभत्ता या सर्वांची झळ तिलाच बसते आणि विभागात तीच दोषी ठरते. चौकशी चालू असताना तिची किंवा प्रतिवादीची बदली अथवा तीन महिन्यांपर्यंतची रजा या अंतरिम सवलती तिच्या लेखी विनंतीवरून समिती सुचवू शकते. तोवर तातडीची व्यवस्था करायची झाल्यास "तुम्हाला काय सोयीचे?" हे आधी विचारावे. दोघांना समोरासमोर बसवून "मिटवून टाका" म्हणणेही गैर आहे. समेट तिच्या विनंतीवरून समितीमार्फतच होऊ शकतो, आणि त्याचा आधार पैसा असू शकत नाही.

तिला तक्रार द्यायचीच नसेल तर? हा प्रश्न अवघड आहे. सक्ती करता येत नाही, पण सुरक्षित वातावरण देण्याचे मालकावरील कर्तव्य त्यामुळे संपत नाही. पुन्हा भेटण्याचा दिवस ठरवावा, तो मुदतीच्या अलीकडचा असावा.

संभाषणानंतर त्याच दिवशी तारीख, वेळ आणि तिचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवावेत. स्वतःचे अनुमान त्यात मिसळू नये. ही नोंद विभागाच्या व्हॉट्सॲप गटाच्या जवळपासही जाऊ नये. हा कायदा स्त्रियांपुरता आहे. पुरुष कर्मचारी अशीच व्यथा घेऊन आल्यास मार्ग आस्थापनेच्या सेवानियमांतून काढावा लागतो, मात्र ऐकण्याची आणि नोंदीची रीत तीच राहते.